व्याजाच्या टक्क्यांचे बेसिस पॉइंट आणि बेसिस पॉइंटांचे टक्के

कर्जावरील व्याजाचा दर हल्ली दोन निरनिराळ्या मापांत सांगितला जातो. कर्जरोख्यावर, पासबुकात व सहकारी संस्थेच्या फलकावर तो टक्क्यांत असतो. परंतु तोच दर वाढला किंवा उतरला म्हणजे बँकेचे पत्र व वर्तमानपत्रातील बातमी त्या बदलाचा आकडा बेसिस पॉइंटांत देतात. "दरात पन्नास बेसिस पॉइंटांची कपात" असे वाचल्यावर आपल्या रोख्यावरील पावणेदहा टक्क्यांतून नेमके काय वजा करावयाचे, हे कर्जदारास ठाऊक नसेल, तर बँकेने ती कपात आपल्या खात्यास दिली की नाही याची पडताळणी त्यास करता येत नाही. ही पडताळणी कोणासही करता यावी म्हणून टक्क्यांच्या यादीचे बेसिस पॉइंट कसे करावयाचे, त्यांचे पुन्हा टक्के कसे करावयाचे, आणि या कामी चूक कोठे होते, याचा विचार येथे केला आहे.

बेसिस पॉइंट म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग होय. ही व्याख्या लक्षात ठेवण्यास थोडी कोरडी वाटेल. पण शाळेत शिकलेल्या "दरसाल दर शेकडा" या शब्दांकडे परत गेल्यास ती आपोआप उलगडते. द. सा. द. शे. साडेसहा टक्के याचा अर्थ शंभर रुपयांवर एका वर्षाला ६ रुपये ५० पैसे व्याज. हे व्याज रुपयांत न मोजता सगळेच्या सगळे पैशांत मोजले तर ते ६५० पैसे भरते, आणि साडेसहा टक्क्यांचे बेसिस पॉइंटही ६५० च होतात. म्हणजे शंभर रुपयांवर वर्षाकाठी एक पैसा व्याज, हाच एक बेसिस पॉइंट. टक्का हा जणू रुपया व बेसिस पॉइंट हा त्याचा पैसा आहे. दि. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू होऊन रुपयाचे शंभर पैसे झाले म्हणूनच हा मेळ बसतो. त्यापूर्वीच्या चौसष्ट पैशांच्या रुपयात तो बसला नसता.

यावरून टक्क्यांच्या आकड्यास शंभराने गुणिले असता बेसिस पॉइंट मिळतात व बेसिस पॉइंटांस शंभराने भागिले असता टक्के मिळतात, हे उघड आहे. कागदावर हा गुणाकार करण्याचीही जरुरी नाही. दशांशचिन्ह दोन घरे उजवीकडे सरकविले की बेसिस पॉइंट झाले, दोन घरे डावीकडे सरकविले की टक्के झाले. मराठी माणसास तर याहूनही सोपी वाट उपलब्ध आहे. आपल्या पाव, सव्वा, साडे, पावणे या मोजणीत टक्क्यांच्या आकड्यापुढे नुसते "शे" लावले की बेसिस पॉइंट तयार होतात. सव्वासहा टक्के म्हणजे सव्वासहाशे, अर्थात ६२५. साडेसहा टक्के म्हणजे साडेसहाशे, अर्थात ६५०. पावणेसात टक्के म्हणजे पावणेसातशे, अर्थात ६७५. अडीच टक्के म्हणजे अडीचशे. उलट जातानाही तसेच. सव्वाशे बेसिस पॉइंटांनी दर उतरला असे वाचले की "शे" गाळावे. सव्वा टक्का उरतो. पाव टक्का म्हणजे २५, अर्धा म्हणजे ५० आणि पाऊण म्हणजे ७५ बेसिस पॉइंट, एवढे तीन आकडे मात्र तोंडपाठ असावेत.

रिझर्व्ह बँकेचे दर पुष्कळदा पाव टक्क्याच्या पायरीने चढतात व उतरतात, त्यामुळे ही तोंडी रीत बहुतेक वेळा पुरेशी होते. परंतु ती नेहमीच पुरत नाही. रिझर्व्ह बँक ज्या दराने इतर बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते त्या रेपो दरात मे २०२२ मध्ये ४० व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ३५ बेसिस पॉइंटांची वाढ झाली. चाळीसला किंवा पस्तीसला आपल्या पावकी-निमकीत जागा नाही. अशा वेळी पैशांचा हिशेबच उपयोगी पडतो.

याच रेपो दराची यादी उदाहरणादाखल घेऊ. मे २०२० पासून हा दर ४.०० टक्के होता. त्यानंतर तो जसजसा बदलला, त्याचे कोष्टक खाली दिले आहे. पहिले दोन रकाने मूळ यादीचे आहेत. तिसरा रकाना दशांशचिन्ह सरकवून तयार केला आहे, आणि चौथ्यात प्रत्येक ओळीतून तिच्या वरील ओळ वजा करून फरक मांडला आहे.

| दिनांक | दर, टक्के | दर, बेसिस पॉइंट | फरक |
|---|---|---|---|
| मूळ दर | ४.०० | ४०० | – |
| ४ मे २०२२ | ४.४० | ४४० | + ४० |
| ८ जून २०२२ | ४.९० | ४९० | + ५० |
| ५ ऑगस्ट २०२२ | ५.४० | ५४० | + ५० |
| ३० सप्टेंबर २०२२ | ५.९० | ५९० | + ५० |
| ७ डिसेंबर २०२२ | ६.२५ | ६२५ | + ३५ |
| ८ फेब्रुवारी २०२३ | ६.५० | ६५० | + २५ |
| ७ फेब्रुवारी २०२५ | ६.२५ | ६२५ | – २५ |
| ९ एप्रिल २०२५ | ६.०० | ६०० | – २५ |
| ६ जून २०२५ | ५.५० | ५५० | – ५० |
| ५ डिसेंबर २०२५ | ५.२५ | ५२५ | – २५ |

या कोष्टकात प्रत्येक टक्क्याच्या आकड्यास दशांशचिन्हापुढे दोन घरे मुद्दाम ठेविली आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. गणिताच्या दृष्टीने ६.५ व ६.५० यांत काहीच भेद नाही; परंतु यादी उतरवून घेणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा या गाळलेल्या शून्यातून उपजतात. वरील यादी जर ६.२५, ६.५, ६ अशी लिहिलेली असेल आणि उतरवून घेणाऱ्याने केवळ दशांशचिन्ह पुसले, तर ६२५, ६५ आणि ६ असे आकडे पडतात. ही चूक मोठी असल्यामुळे लगेच दिसते. दुसरी चूक याहून वाईट, कारण ती दिसत नाही. जून २०२२ चा दर कोणी "चार दशांश नऊ" असा तोंडी सांगितला आणि ऐकणाऱ्याने तो पैशांच्या हिशेबाने ४ रुपये ९ पैसे, म्हणजे ४०९ असा मांडला, तर हा आकडा चुकीचा आहे असे नुसते पाहून कोणासही वाटणार नाही. खरा आकडा ४९० आहे. म्हणून टक्के सांगताना व लिहिताना दोन्ही घरे भरावीत. "चार रुपये नव्वद पैसे शेकडा" असे म्हटल्यास घोटाळ्यास वावच राहात नाही.

बोलण्यातील आणखी एक घोटाळा असा की, दशांशचिन्हासही पुष्कळ लोक "पॉइंट" म्हणतात. "सहा पॉइंट पंचवीस" हा एक दर झाला आणि "पंचवीस पॉइंट" हा दरातील फरक झाला. दूरध्वनीवरून दर विचारणाऱ्याने या कारणास्तव "बेसिस पॉइंट" हा शब्द पुरता उच्चारावा, व ऐकलेला आकडा टक्क्यांतही वदवून घ्यावा.

यादी बरोबर उतरली की नाही हे पाहण्यासाठी काही जण चौथ्या रकान्याची बेरीज करतात. उदाहरणार्थ, २०२२ व २०२३ मधील सहा वाढींची बेरीज ४० + ५० + ५० + ५० + ३५ + २५ = २५० येते आणि ४०० वरून ६५० होण्यास तितकीच वाढ लागते, तेव्हा हिशेब जुळला असे ते मानतात. हा ताळा वाटतो तितका पक्का नाही. समजा, ४९० च्या जागी ४०९ पडले. मग त्या ओळीचा फरक ३१ ची घट असा येईल व पुढील ओळीचा १३१ ची वाढ असा येईल. परंतु बेरीज मात्र पुन्हा २५० च भरेल. एका ओळीत जे कमी पडले ते दुसऱ्या ओळीत आपोआप भरून निघते. आपल्याच यादीतून काढलेल्या फरकांची बेरीज नेहमीच जुळते, कारण मधले सर्व आकडे एकमेकांत कटून केवळ पहिला व शेवटचा आकडा उरतो. ताळा खरा हवा असेल तर फरकाचा रकाना एक-एक ओळ करून रिझर्व्ह बँकेने किंवा कर्ज देणाऱ्या बँकेने त्या त्या वेळी जाहीर केलेल्या फरकाशी ताडून पाहावा. जून २०२२ मध्ये ५० ची वाढ जाहीर झाली असता आपल्या वहीत ३१ ची घट दिसली, की चुकलेली ओळ तत्काळ हाती लागते.

आता ही यादी प्रत्यक्ष कर्जास लावून पाहू. एका डाळ गिरणीच्या मालकाने सूक्ष्म उद्योग म्हणून बँकेकडून कर्ज घेतले असून त्याच्या रोख्यात "रेपो दर अधिक ३.२५ टक्के" असा व्याजाचा दर ठरलेला आहे, असे समजा. त्याची येणे बाकी ८ लाख रुपये आहे. जानेवारी २०२५ मध्ये रेपो दर ६५० होता. त्यात ३२५ मिळविले की ९७५ होतात, म्हणजे दर ९.७५ टक्के. त्या वर्षातील चार कपाती याच वाटेने उतरविल्यास त्याचा दर ९५०, ९२५, ८७५ व शेवटी ८५० व्हावयास पाहिजे. वर्षाअखेरच्या कपातीनंतर त्यास ८.५० टक्के दर लागावा, असा याचा अर्थ. एकूण उतार १२५ बेसिस पॉइंट, म्हणजे सव्वा टक्का झाला.

याचे रुपये करण्यासाठीही पैशांचीच वाट धरावी. शंभर रुपयांवर एक बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला एक पैसा, तर दहा हजारांवर तो वर्षाला एक रुपया होतो आणि एक लाखावर दहा रुपये. आठ लाखांच्या बाकीवर एका बेसिस पॉइंटाचे वर्षाला ८० रुपये पडतात. बाकी तितकीच राहिली असे धरल्यास १२५ बेसिस पॉइंटांचे वर्षाला १०,००० रुपये होतात. हप्त्यागणिक बाकी घटत जाते म्हणून प्रत्यक्ष रक्कम यापेक्षा कमी भरेल. परंतु पडताळणीसाठी हा अंदाज पुरेसा आहे. बँकेच्या पत्रात ८.५० ऐवजी ८.७५ टक्के असा दर आढळला, तर तो २५ बेसिस पॉइंटांनी जास्त आहे आणि त्यापायी वर्षाला सुमारे २,००० रुपये अधिक जाणार आहेत, हे गिरणीमालकास जागच्या जागी सांगता येते.

तथापि, पत्रातील दर आपल्या आकड्याशी जुळला नाही म्हणून बँकेची चूक झाली असे लगेच समजू नये. रेपो दराशी बांधलेल्या कर्जाचा दर तीन महिन्यांतून निदान एकदा बदलला पाहिजे, असा नियम आहे. तो त्याच दिवशी बदलला पाहिजे असा नाही. पाच डिसेंबरची कपात खात्यावर पुढील ठरलेल्या तारखेस दिसू शकते. शिवाय कित्येकदा दर उतरूनही हप्ता तेवढाच राहतो व फेडीची मुदत मात्र कमी होते. यासाठी हप्त्याची रक्कम न पाहता खात्यावर लागलेला दर पाहावा.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे. बाहेरच्या दराशी कर्ज बांधण्याची सक्ती दि. १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली, ती बदलत्या व्याजदराची घरकर्जे व इतर वैयक्तिक कर्जे आणि सूक्ष्म व लघु उद्योगांची कर्जे यांना. पीककर्ज अथवा ट्रॅक्टरचे कर्ज त्यात आपोआप येते असे नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर सबंध मुदतीसाठी कायम ठरलेला असू शकतो, किंवा बँकेच्या स्वतःच्या निधीच्या खर्चावर आधारलेल्या दराशी तो जोडलेला असू शकतो. अशा कर्जावर रेपो दरातील फरक जसाच्या तसा उतरविणे चूक ठरेल. दर कशाशी बांधला आहे हे रोख्यात लिहिलेले असते. ते आधी वाचावे आणि मगच हिशेबास बसावे.

पीककर्जाच्या बाबतीत टक्क्यांचा निराळाच एक घोटाळा होतो, आणि बेसिस पॉइंट हे माप मुळात त्याच्या निवारणासाठीच उपयोगी आहे. केंद्र सरकारच्या व्याज सवलत योजनेत २०२५-२६ या वर्षी किसान क्रेडिट कार्डावरील तीन लाख रुपयांपर्यंतचे अल्प मुदतीचे पीककर्ज ७ टक्के दराने दिले जाते व जो शेतकरी ते वेळेवर फेडतो त्यास आणखी ३ टक्के सवलत मिळते. "सात टक्क्यांवर तीन टक्के सूट" या शब्दांचे दोन अर्थ निघू शकतात. सातातून तीन वजा केले तर चार उरतात. पण दुकानातील सुटीप्रमाणे सात टक्क्यांचे तीन टक्के काढले तर ते केवळ ०.२१ होतात आणि दर ६.७९ राहतो. एक लाख रुपयांवर पहिल्या अर्थाने वर्षाला ३,००० रुपये वाचतात, दुसऱ्या अर्थाने २१० रुपये. योजनेचा अर्थ पहिला आहे. "७०० बेसिस पॉइंटांतून ३०० ची सूट" असे म्हटले असते तर दुसरा अर्थ निघालाच नसता, कारण बेसिस पॉइंटांची केवळ बेरीज-वजाबाकी होते. त्यांचा शेकडा काढला जात नाही.

वरील कोष्टकातही हेच दिसेल. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४०० वरून ६५० झाला. ही वाढ अडीच टक्क्यांची, असे कोणी म्हणेल. मूळ दराच्या मानाने ती साडेबासष्ट टक्के आहे, असे दुसरा म्हणेल. आणि दोघेही खोटे बोलत नसतील. २५० बेसिस पॉइंट म्हटले की वाद मिटतो.

खाजगी सावकाराचा किंवा अडत्याचा दर यादीत घ्यावयाचा असल्यास आधी मुदत पाहावी. गावात "शेकडा दोन रुपये" म्हणून जो दर सांगतात तो बहुधा महिन्याचा असतो. त्याचे २०० बेसिस पॉइंट होतात हे खरे. पण ते दरमहाचे होत. बँकेच्या ७०० शेजारी हे २०० लिहिले तर सावकाराचे कर्ज स्वस्त असल्याचा भास होतो. दोनशेस बाराने गुणून वर्षाचे २,४०० करावेत, तेव्हाच ते बँकेच्या आकड्याशेजारी ठेवण्याजोगे होतात. सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवीत असेल तर खरा भार याहूनही अधिक पडतो.

सहकारी संस्थांच्या सचिवांपैकी पुष्कळ जण आता अशा याद्या संगणकावरील तक्त्यात ठेवतात. तेथे एक खोच आहे. घरात ६.५० एवढाच साधा आकडा लिहिला असेल तर शंभराने गुणणे बरोबर. परंतु त्याच घरात टक्क्याच्या चिन्हासह 6.50% असे दिसत असेल, तर संगणकाने आत प्रत्यक्षात 0.065 हा आकडा ठेवलेला असतो. त्यास शंभराने गुणल्यास ६.५ च येतात. तेथे दहा हजारांनी गुणावे लागते. दर A2 या घरात आहे असे धरल्यास पहिले सूत्र साध्या आकड्यासाठी व दुसरे चिन्हासह दिसणाऱ्या आकड्यासाठी वापरावे:

```
=A2*100
=A2*10000
```

उत्तर टक्क्याच्या चिन्हासह दिसू लागले तर त्या घराचे स्वरूप साध्या आकड्याचे करावे. एकाच रकान्यात काही घरे एका प्रकारची व काही दुसऱ्या प्रकारची असली, तर उत्तरांत ६५० आणि ६.५ असे शंभर पटींचे अंतर पडते. शेतीकर्जाच्या वार्षिक दरांच्या यादीत ५० पेक्षा कमी बेसिस पॉइंट असलेली ओळ आढळली तर ती बहुधा याच कारणाने बिघडलेली असते. उलट जाताना साध्या टक्क्यांसाठी बेसिस पॉइंटांस १०० ने भागावे, आणि चिन्हासह दाखवावयाचे असल्यास १०,००० ने भागून मग त्या घरास टक्क्याचे स्वरूप द्यावे.

बेसिस पॉइंट नेहमी पूर्णांकातच येतात असेही समजू नये. अर्धपाव टक्का म्हणजे ०.१२५, त्याचे साडेबारा बेसिस पॉइंट होतात. दोन कर्जांचा सरासरी दर काढतानाही असे अपूर्णांक निघतात. ते हिशेबाच्या मध्येच पुरे करून टाकू नयेत. साडेबाराचे तेरा केले तर आठ लाखांच्या बाकीवर वर्षाला चाळीस रुपयांचा फरक पडतो, आणि पुन्हा टक्के करताना ०.१२५ च्या जागी ०.१३ येऊन मूळ यादीशी मेळ बसत नाही. पुरा आकडा करावयाचाच असेल तर तो शेवटी, व्याजाचे रुपये काढून झाल्यावर करावा.